काखेतला कळसा हिंदीत नेताना: म्हण उलगडायची की त्यांचीच म्हण वापरायची?

ओंजळ: आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर मराठी आम्ही दोघेच, बाकी सगळे हिंदी बोलणारे. लखनौच्या एक ज्येष्ठ सहकारी मॅडम दोन दिवस एक तक्ता शोधत होत्या. चार जणांना विचारून झालं आणि तो निघाला त्यांच्याच मेलला जोडलेला. मी उत्तरात लिहिलं, "बगल में कलश, गाँव को चक्कर." त्यांनी विचारलं, "कौन सी पूजा है? और गाँव को चक्कर क्यों आया?" मला 'काखेत कळसा, गावाला वळसा'ची गंमत त्यांना द्यायची होती. ती कशी देतात? की अशा वेळी त्यांचीच म्हण वापरावी?

सरळवाट: त्यांचीच म्हण वापरा. हिंदीत "बगल में छोरा, शहर में ढिंढोरा" तयार आहे. अर्थ तोच, यमक आहे, समजावत बसायला नको. ज्याला उत्तर देतोय त्याला एका दमात कळलं पाहिजे. आपण तिथे कामाचं बोलायला बसलेलो असतो, मराठी शिकवायला नाही.

पाणवठा: अर्थ तोच नाही, म्हणून मला हे पटत नाही. हिंदीतला माणूस दवंडी पिटतो, गाव गोळा करतो. गुजरातीतही कडेवर मूल आणि गावात दवंडी असंच आहे. तिथे मूल हरवल्याची घाबरगुंडी आहे, आवाज आहे. मराठी म्हणीत कोणी ओरडत नाही. एक बाई काखेला भांडं लावून गावाला वळसा घालते आहे, आणि बघणाऱ्याला ते दिसतंय, तिला नाही. गंमत त्या मुकाट पायपिटीची आहे. ग्रुपवर सगळ्यांना टॅग करून विचारलं असेल तर ढिंढोरा चपखल बसतो. एकटीने फोल्डर उपसले असतील तर वळसाच हवा.

आता तुमचं वाक्य का फसलं ते बघू. तीन शब्दांनी घात केला आणि तिन्ही शब्द ओळखीचे वाटतात म्हणूनच केला. 'कलश' हिंदीत आधी पूजेत बसतो, आपला कळसा मात्र कळशीच्या घरातला, पाणी भरायचा. 'गाँव को चक्कर' म्हटलं की हिंदी कानाला घेरी ऐकू येते, फेरा नाही. 'गावाला'तला 'ला' जसाच्या तसा 'को' करून चालत नाही, 'गाँव का' हवं. आणि 'बगल में' म्हणजे शेजारीसुद्धा. भांडं शेजारी ठेवलंय असं वाटलं तर म्हणीचा जीवच गेला, कारण ते अंगाला टेकलेलं आहे यातच सगळं आहे.

दीपमाळ: मला वाटतं मुळात अर्थच चुकतोय. कळसा म्हणजे देवळाचा कळस ना? कळस जवळ असून माणूस गावभर देव शोधतो, अशी ती म्हण आहे. तसं सांगितलं तर पूजेचा प्रश्न आपोआप सुटेल.

पाणवठा: नाही हो, देवळाचा कळस काखेत मावायचा कसा? हंडा डोक्यावर, कळशी काखेला, हात तिच्या गळ्याभोवती आणि बूड कमरेच्या हाडावर टेकलेलं. ज्यांनी पाणी भरलंय त्यांना हे सांगावं लागत नाही. आणि ती विसरते ते याचमुळे: रोज तिथेच असणाऱ्या भांड्याचं वजन अंगाला जाणवेनासं होतं.

दीपमाळ: बरं, हे मात्र पटलं. लहानपणापासून मी देऊळच डोळ्यांसमोर आणत होते.

रानजाई: माझी अडचण वेगळी आहे. माझ्या नवऱ्याच्या घरी हिंदी बोलतात आणि मी दर म्हणीला यमक जुळवून देते. हीच म्हण मी "काँख में गगरी, छान मारी नगरी" अशी केली. सगळे खूश झाले, आता माझी नणंदही ती वापरते. मग यमक जुळवणं हाच उपाय नाही का?

पाणवठा: तुमची ओळ खरंच छान आहे. घरात, बोलताना ती उत्तम. पण दोन गोष्टी बघा. 'छान मारी' आल्याने क्रियापद आलं, आणि क्रियापद आलं की करणारा आला. मूळ म्हणीत क्रियापद नाही, 'तू' नाही, 'ती' नाही. चारच शब्द, प्रत्येकाला तीन अक्षरं: काखेत, कळसा, गावाला, वळसा. कोणावर बोट न ठेवता ती चिमटा काढते. ज्येष्ठ बाईंना लिहिताना हे फार उपयोगी पडतं. दुसरं, 'नगरी' यमकासाठी आली. गाव लहान असतं, सगळे ओळखीचे असतात. नगरीत शोध मोठा होतो आणि घरगुतीपणा जातो.

मी असं लिहिलं असतं:

"फ़ाइल मिल गई, आप ही के मेल में लगी है। हमारे यहाँ ऐसे मौके पर कहते हैं: काखेत कळसा, गावाला वळसा। घड़ा अपनी ही कमर पर, और फेरा पूरे गाँव का।"

आधी काम, मग मराठी ओळ, मग चित्र. यमक मूळ ओळीत कानाला मिळतं, ते हिंदीत पुन्हा जुळवायची गरज राहत नाही. 'काँख' मुद्दाम टाळली, कारण नुसत्या काँखेने घामाची आठवण येते. 'कमर पर' म्हटलं की पाणी आणणारी बाई उभी राहते. आणि 'यानी' लावून तिसरं वाक्य लिहू नका. चित्र कळलं नाही तर समोरचा विचारतो, तेव्हा सांगता येतं.

सरळवाट: ढिंढोऱ्याचा फरक मान्य. पण धागाकर्त्याच्याच गोष्टीत मॅडमनी चार जणांना विचारलं होतं. म्हणजे तुमच्याच कसोटीवर इथे छोरा आणि ढिंढोरा बसतो, कळसा नाही!

पाणवठा: चार जणांना विचारणं म्हणजे माझ्या मते चार घरांचा वळसाच झाला, दवंडी नव्हे. पण तुमचं म्हणणं खोडून काढता येणार नाही, हेही खरं.

सरळवाट: शिवाय, ज्येष्ठ व्यक्तीला चारचौघांत म्हण ऐकवावी का? क्रियापद नसलं तरी कळसा कोणाच्या काखेत आहे हे ग्रुपवर सगळ्यांना कळतंच. मराठी माणूस ते हसून सोडून देईल. परक्या भाषेत चिमट्याचा जोर किती लागेल, हे आपल्याला ऐकू येत नाही.

रानजाई: यावर मी सहमत. माझ्या सासूबाईंना मी आधी स्वतःवरच म्हण लावून दाखवते. माझा चष्मा माझ्याच डोक्यावर सापडला तेव्हा म्हटली होती. मग त्यांच्यावर लावली तर त्यांना ती ओळखीची वाटते.

ओंजळ: पाणवठा, तुमचं वाक्य थोडं बदलून मॅडमना वेगळं पाठवलं, ग्रुपवर नाही. 'कमर पर' तसंच ठेवलं. त्यांचं उत्तर आलं, "हमारी दादी ऐसे ही घड़ा लाती थीं," आणि मग त्यांनी 'कळसा'तला 'ळ' कसा म्हणायचा ते विचारलं. मी आवाज रेकॉर्ड करून पाठवला. त्यांनी परत पाठवला त्यात 'कलसा'च ऐकू येतंय, आता तिसऱ्यांदा प्रयत्न करताहेत. ग्रुपवर लिहायला हवं होतं की नाही, हे मात्र मला अजून ठरवता आलेलं नाही.