ऑक्सफर्डच्या म्युझियममधून मानवी अवशेष काढून टाकले, हे बरोबर झालं का?

पावसाळी:
मुलीकडे ऑक्सफर्डला आलेय. काल पिट रिव्हर्स म्युझियम बघितलं. वीस वर्षांपूर्वी आले होते तेव्हा इथे एका कपाटात माणसांची आकसवलेली मुंडकी होती, आता तिथे नुसता माहितीचा फलक आहे. नागा लोकांच्या कवट्याही बाहेर दिसत नाहीत. खरं सांगायचं तर थोडं फसल्यासारखं वाटलं, आणि मग वाटलं की मला नक्की काय बघायचं होतं? तुम्हाला काय वाटतं, हे काढायला हवं होतं का?

सह्यकडा:
अजिबात नाही. म्युझियम म्हणजे देवघर नाही. शंभर वर्षांपूर्वी नागा गावांत काय चालायचं हे कळायचं असेल तर ती वस्तू समोर पाहिजे, फलक वाचून काय कळणार? आणि एक गोष्ट सगळे विसरतात, शत्रूंच्या त्या कवट्या त्यांनी स्वतःच मोरुंगमध्ये, म्हणजे गावातल्या तरुणांच्या सामूहिक घरात, टांगून ठेवल्या होत्या, सगळ्या गावाला दिसतील अशा. म्हणजे प्रदर्शन त्यांनीच मांडलं होतं, इंग्रजांनी फक्त जागा बदलली. आता तेच चुकीचं कसं?

जुनाकागद:
मी बरीच वर्षं एका म्युझियमच्या भांडारात काम केलंय म्हणून जरा सविस्तर लिहितो. पावसाळी, तुम्ही जे कपाट म्हणताय त्यावर ‘मेलेल्या शत्रूंना कसं वागवतात’ अशा अर्थाचं इंग्रजी शीर्षक होतं. त्यातली मुंडकी इक्वेडोर-पेरूकडच्या शुआर आणि अचुआर लोकांकडून आलेली, त्यांना त्सांत्सा म्हणतात. म्युझियमने नुसती ती नाही काढली, सगळे मिळून १२० मानवी अवशेष प्रदर्शनातून काढले आणि सप्टेंबर २०२० मध्ये लॉकडाऊननंतर म्युझियम उघडलं तेव्हा ते जाहीर केलं. कारण त्यांनीच दिलं होतं, बघणारे लोक त्या कपाटाजवळ येऊन ‘रानटी’, ‘भयंकर’ असंच बोलून पुढे जायचे. म्हणजे सह्यकडा म्हणतात ते शिक्षण तिथे होतच नव्हतं, उलटच काहीतरी शिकून माणसं बाहेर पडत होती. शिवाय त्यातली काही मुंडकी नकलीच निघाली, गोऱ्या गिऱ्हाइकांची मागणी वाढली म्हणून विकायला बनवलेली!

मोरुंगचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. कवट्या टांगल्या जायच्या हे खरं, पण मोरुंगमध्ये त्या कवटीशी गावाचं नातं असायचं, तिच्यासाठी विधी व्हायचे, ती कोणाची आणि कधी आली हे म्हाताऱ्यांना माहीत असायचं. म्युझियममध्ये पोचल्यावर राहिला फक्त नंबर. जुन्या काळी तो नंबर शाईने सरळ हाडावरच लिहायचे, कपाळावर किंवा कानशिलावर. मी असा नंबर पहिल्यांदा हातातल्या कवटीवर वाचला त्या दिवशी जेवण गेलं नव्हतं.

गडकरी_सातारकर:
सगळं परत आणा! आपली वाघनखं आणली ना साताऱ्याला २०२४ मध्ये, तसंच नागा लोकांचंही आणायचं. सरकारने मनावर घेतलं की होतं. आणि वाघनखंसुद्धा तीनच वर्षांसाठी दिलीत, कायमची का नाही देत?

जुनाकागद:
@गडकरी_सातारकर भावना समजते, पण दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. वाघनखं हे शस्त्र आहे, कोणाचं शरीर नाही. शिवाय ती ज्यांच्याकडून आली ते लंडनचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम हे ब्रिटनचं राष्ट्रीय म्युझियम, १९८३ च्या कायद्याने त्यांना वस्तू कायमची देऊन टाकणं जवळपास अशक्य आहे, म्हणून उसनी दिलीत. मानवी अवशेषांसाठी मात्र २००४ च्या कायद्यात वेगळी वाट काढली गेली, १००० वर्षांच्या आतले असतील तर ब्रिटिश म्युझियमसारखी नऊ राष्ट्रीय म्युझियम्स ते परत देऊ शकतात. पिट रिव्हर्सला तीही अडचण नाही, ते युनिव्हर्सिटीचं आहे आणि निर्णय युनिव्हर्सिटीच घेते. त्यामुळे तिथे कायदा आडवा येत नाही, नेमकं कोणाला द्यायचं हा प्रश्न आहे.

शरीरशास्त्र_८९:
मी मेडिकल कॉलेजात शिकवते. आमच्याकडे पहिल्या वर्षाला मुलं हातात हाडं घेऊनच शिकतात, आणि ती हाडं कोणाची याचा विचार आम्ही कधीच करत नाही हे मला हा धागा वाचताना जाणवलं. देहदानाची बॉडी येते तेव्हा घरचे लोक येतात, हार घालतात, सही करतात. पण जुनी हाडांची पेटी कुठून आली, कोणी सही केली, कोणाला माहीत नाही. आपल्याकडे १९४९ च्या अॅनाटॉमी कायद्याने बेवारस मृतदेह कॉलेजला देता येतो. बेवारस म्हणजे कोणी आलं नाही, पण त्या माणसाने हो कुठे म्हटलं होतं? माझ्यासाठी म्युझियमचा प्रश्न इथेच येतो. शिकायला हाड लागतं हे मी नाकारणार नाही, पण संमती नसलेलं हाड कपाटात मांडून दाखवणं मला पटत नाही.

सह्यकडा:
ठीक आहे, नकली मुंडक्यांचं मला माहीत नव्हतं. पण मग माझा खरा प्रश्न ऐका, याचं उत्तर कोणी देत नाही. समजा अ गावाने ब गावाच्या माणसाचं डोकं आणलं आणि आपल्या मोरुंगमध्ये ठेवलं. पुढे इंग्रज अधिकाऱ्याने ते अ गावातून नेलं, मग रजिस्टरमध्ये नाव अ गावाचंच लागणार. आता ‘मूळ समाजाला विचारा’ म्हणजे कोणाला विचारायचं? ज्यांनी मारलं त्यांना की ज्यांचा माणूस गेला त्यांना? मारणाऱ्याच्या नातवाला परत देणं हा कुठला न्याय?

जुनाकागद:
हा सगळ्यात अवघड प्रश्न आहे आणि तुम्ही तो नीट मांडलात. नागांचा मोठा संग्रह तिथे गेला तो मुख्यतः हटन आणि मिल्स या दोन ब्रिटिश अधिकाऱ्यांमुळे, एक कोहिमाला आणि एक मोकोकचुंगला कारभार बघायचा. १९२२ मध्ये म्युझियमचे क्युरेटर बाल्फोर स्वतः हटनबरोबर नागा टेकड्या फिरून आले. जो माणूस न्याय देतो, दंड करतो, वेठ लावतो, तोच दारात येऊन म्हणतोय मला हे हवंय, तर गावाने ‘दिलं’ म्हणजे नक्की काय केलं? म्हणून रजिस्टरमधल्या ‘भेट’ या शब्दावर मी कधीच डोळे झाकून विश्वास ठेवत नाही. आणि तुमच्या अ-ब गावाचं म्हणाल तर रजिस्टरमध्ये बहुतेक वेळा ज्याच्याकडून घेतलं त्याचं गाव असतं, मेलेल्याचं नसतं. काही वेळा गावाचं स्पेलिंग इतकं मोडलेलं असतं की कुठली वस्ती हे ओळखायला तिथल्याच माणसाला बसवावं लागतं. कागद हातात घेऊन गावातल्या म्हाताऱ्यांकडे जायचं, तिथे कोणी तरी म्हणतं हा अमक्या भांडणातला असणार, आणि मग दुसऱ्या गावात जायचं. हे वर्षानुवर्षं चालणारं काम आहे, पत्र पाठवून उत्तर येत नाही.

चहाटपरी_दिमापूर:
मी नोकरीमुळे सात वर्षं दिमापूरला होतो, अजून मित्र आहेत तिकडे. हे काम चालू आहे. फोरम फॉर नागा रिकन्सिलिएशन ही संघटना २०२० पासून पिट रिव्हर्सशी बोलतेय, त्यांनी वेगळी टीम केलीय, त्यात डॉली किकॉन, आर्कोतोंग लोंगकुमेर यांच्यासारखे नागा अभ्यासक आहेत. ते गावागावांत, चर्चमध्ये, कॉलेजात बैठका घेतात. माझ्या मित्राने सांगितलेली गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. तो म्हणाला आमच्या पिढीला आधी हे माहीतच नव्हतं की आमची माणसं तिकडे पेटीत आहेत. आणि कळल्यावर घरात भांडणं लागली. आजोबा म्हणतात परत आणा, चर्चमधले काही म्हणतात त्या पूर्वीच्या धर्माच्या गोष्टी, परत आणून काय प्रार्थना करायची त्यांच्यावर? ख्रिस्ती दफन करायचं तर तो माणूस ख्रिस्ती नव्हता, जुन्या पद्धतीने करायचं तर विधी करणारं कोणी उरलं नाही. सह्यकडा, तुमच्या अ-ब गावाचा प्रश्न त्यांनीच आधी उपस्थित केलाय. काही जणांचं म्हणणं असं की एका गावाला न देता सगळ्या नागांसाठी एक जागा करावी, म्हणजे जुनी वैरं परत उकरली जाणार नाहीत. नागा भारतात नागालँडबाहेर मणिपूर, अरुणाचल, आसाममध्ये आहेत, पलीकडे म्यानमारमध्येही, म्हणजे जागा कुठली हाही प्रश्न आहेच.

जून २०२५ मध्ये नागांचं शिष्टमंडळ ऑक्सफर्डला जाऊन आलं आणि तिथे जाहीरनामा काढला. त्याआधी ऑक्टोबर २०२४ मध्ये ऑक्सफर्डशायरच्या एका लिलावात शिंगं लावलेली नागा कवटी विकायला निघाली होती, पेपरात आलं, नागालँडचे मुख्यमंत्री रिओंनी परराष्ट्रमंत्र्यांना पत्र लिहिलं, मग मागे घेतली. म्युझियम निदान बोलतंय, खासगी माणसाच्या कपाटात जे आहे त्याला कोण विचारणार?

वडोदेकर:
आमच्या बडोद्याच्या म्युझियममध्ये सयाजीरावांनी आणलेली इजिप्तची ममी आहे. लहानपणापासून बघतोय, आता नातीला घेऊन जातो. ती दर वेळी काचेला नाक लावून उभी राहते. मग ही पण काढायची का? इथे तर विचारायला कोण आहे, तिचे लोक कुठे आहेत?

शरीरशास्त्र_८९:
@वडोदेकर मला वाटतं हजारो वर्षांपूर्वीची ममी आणि तीन-चार पिढ्यांपूर्वीचा माणूस यात फरक करायला हरकत नाही. त्या नागा माणसाच्या भावाचा पणतू आज जिवंत असू शकतो. पण नातीला काय सांगता, ही बाई कोण होती हे सांगता का नुसती ममी म्हणून दाखवता?

वडोदेकर:
खरं सांगू का, नुसती ममी म्हणूनच दाखवली आजवर. ती बाई होती हे फलकावर आहे की नाही तेसुद्धा मी नीट वाचलेलं नाही.

जुनाकागद:
एक व्यावहारिक गोष्ट राहिली, ती पवित्र वस्तूंबाबत जास्त लागू पडते. पूर्वी किडे लागू नयेत म्हणून केस, पिसं, कातडं, लाकूड असलेल्या वस्तूंवर आर्सेनिक किंवा पाऱ्याची पावडर मारायचे. अमेरिकेत होपी लोकांना त्यांच्या पवित्र वस्तू परत मिळाल्या, त्या ते वापरणार होते, विधीत अंगावर घेणार होते, आणि तपासणीत आर्सेनिक सापडलं. बाहेरून काही दिसत नाही, कधी पांढरट भुकटी असते, कधी तीही नाही. म्हणून द्यायच्या आधी मशीनने तपासायचं आणि लेखी द्यायचं की यात काय आहे. नागांची शिरोभूषणं, केस लावलेले भाले अशा गोष्टी परत गेल्या तर कोणी तरी त्या डोक्याला लावणार, हातात धरणार. हे आधीच सांगितलं नाही तर परत देणं म्हणजे विष हातात देणं.

सह्यकडा:
ठीक आहे, गावोगाव जाऊन विचारायचं ते मला पटलं. पण जाहीरपणे सांगतो, गावाने ‘ठेवा आणि दाखवा’ असं म्हटलं तर दाखवलंच पाहिजे. विचारायचं म्हणजे नाही हेच उत्तर येईल असं धरून चालायचं नाही.

चहाटपरी_दिमापूर:
बरोबर, आणि काही जण तसं म्हणतातही. माझा मित्र म्हणतो वस्तू तिथेच राहू देत, पण फलक आम्ही लिहू आणि आमच्या भाषेतही असू दे.

पावसाळी:
आज परत गेले होते. तो फलक आधी वाचलाच नव्हता धड, आज उभं राहून सगळा वाचला. मुलीने विचारलं आई, आजोबांची कवटी कोणाच्या कपाटात असती तर तू काय केलं असतंस. मी म्हटलं आधी कोणाच्या घरात आहे ते शोधलं असतं.