स्टॉलवरचा मुका व्हिडिओ: तुमचे अनुभव सांगा

पदर_काठ
आमचं पैठणीचं दुकान येवल्याला. गेल्या हिवाळ्यात पुण्याच्या एका प्रदर्शनात दहा बाय दहाचा स्टॉल घेतला आणि नणंदेचा ४३ इंची टीव्ही उचलून नेला. हौसेने साडेतीन मिनिटांचा व्हिडिओ केला होता. आधी दुकानाचं नाव, मग रेशीम रंगवणं, मग माग, आणि सगळ्यात शेवटी पदर. पाच दिवसांत तो पदरापर्यंत कोणी पाहिला असेल तर मीच. लोक चालता चालता मान वळवतात, आणि त्यांच्या वाट्याला नेमकी रंगाची घमेली यायची. "तुम्ही रंग विकता का?" असंही एकाने विचारलं.

वर प्रत्येक फेरीनंतर पडदा काळा, त्यावर फाइलचं नाव, आणि मग पुन्हा श्रीगणेशा. पुढच्या महिन्यात परत स्टॉल आहे. आवाज नकोच, शेजारचे मसालेवाले माइक घेऊन बसतात. तुम्ही कोणी असा दिवसभर फिरणारा व्हिडिओ केला असेल तर काय जमलं, काय फसलं, लिहा.

कटबाज
पंधरा वर्षं एडिटिंग करतोय, त्यातली निम्मी अशा पडद्यांसाठी. ताई, तुमच्या व्हिडिओला सुरुवात आहे, तिथेच घोळ आहे. स्टॉलवर येणारा माणूस कधीच सुरुवातीला येत नाही, तो मधेच कुठेतरी टपकतो. त्यामुळे कुठलाही तुकडा एकटा पाहिला तरी "पैठणी, हातमागाची" एवढं कळलं पाहिजे. मी आठ-आठ सेकंदांचे सहा शॉट घेईन, एकूण ४८ सेकंद, आणि त्यातल्या दोन शॉटमध्ये पदर उलटा करून दाखवेन. हातमागाच्या पैठणीत नक्षी मागूनही तशीच स्वच्छ दिसते, मागे धागे लोंबत नाहीत. हे बोलून पटवायला पाच मिनिटं लागतात. हाताने पदर पलटलेला दिसला की काम झालं. मुक्या व्हिडिओत असाच पुरावा शोधायचा, जो दाखवला की पुरतो.

रीलवाली_रेवा
याला गाणं कुठलं लावलंत? ट्रेंडिंग लावलं तर रीच जास्त मिळतो.

पदर_काठ
अगं, हे इन्स्टाचं नाही. टीव्हीला पेनड्राइव्ह लावून चालवायचंय, आवाजाशिवाय.

दत्तोबा_हार्डवेअर
आमच्या दुकानात तीन वर्षं वॉटरप्रूफिंगचा व्हिडिओ चालतोय. सोपं आहे. ४के मध्ये शूट करा, ६४ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या, रिपीट लावा, टीव्ही म्यूट करा. संपलं.

कटबाज
दत्तोबा, रिपीट बरोबर, बाकी जरा थांबा. काका-मावशी सहा-आठ फुटांवरून बघणार, ४३ इंचाला फुल एचडी भरपूर होतं. ४के मुळे जुना टीव्ही अडखळतो, आणि फोनवरून आलेली एचईव्हीसी फाइल तर काही टीव्ही उघडतच नाहीत. साधी एच.२६४ एमपी४ काढा. आणि म्यूटवर विसंबू नका, फाइलमधूनच आवाज काढून टाका.

दत्तोबा_हार्डवेअर
म्यूटचं खरं आहे म्हणा. लाइट जाऊन आली की आमचा टीव्ही म्यूट विसरतो. एकदा ड्रिल मशीनच्या आवाजाने गिऱ्हाईक दचकलं होतं.

कटबाज
आता त्या काळ्या पडद्याचं. तो तुमच्या व्हिडिओत नाही, टीव्हीचा प्लेयर फाइल बंद करून पुन्हा उघडतो तेव्हाचा आहे. तो घालवता येत नाही, क्वचित होईल असं मात्र करता येतं. ४८ सेकंदांचा तुकडा ७५ वेळा जोडला की बरोबर एक तास होतो. मग दहा तासांत काळा पडदा नऊ-दहा वेळाच. पुन्हा एक्सपोर्ट करत बसू नका, लॅपटॉपवर एफएफएमपेगने हे चालवा:

```
ffmpeg -stream_loop 74 -i padar.mp4 -c copy -an tas.mp4
```

७४ म्हणजे पहिल्या वेळेनंतर आणखी ७४ वेळा. चित्र नव्याने एन्कोड होत नाही, म्हणून चटकन होतं. मूळ तुकडा ८ एमबीपीएसला काढलात तर तासाची फाइल साधारण ३.६ जीबी होते. हे मुद्दाम सांगतोय, कारण पेनड्राइव्ह एफएटी३२ असेल तर ४ जीबीच्या वरची एक फाइल त्यावर बसतच नाही, पेनड्राइव्ह ६४ चा असला तरी.

आणि सांधा. शेवटचा शॉट संपून पहिला सुरू होताना झटका बसतो. त्यावर जुनी युक्ती आहे. पूर्ण तुकडा टाइमलाइनवर घ्या, एखाद्या शॉटच्या मधोमध कापा, आणि दोन्ही अर्धे उलटे लावा, मागचा पुढे, पुढचा मागे. मूळ शेवट आणि मूळ सुरुवात आता मधे समोरासमोर येतात. तिथे एक सेकंदाचा डिझॉल्व्ह द्या. बाहेरची दोन टोकं मुळात लागोपाठच्या फ्रेम होत्या, त्यामुळे फेरी कुठे संपली ते तुम्हालाही सापडणार नाही. डिझॉल्व्हने एक सेकंद खाल्ला तर तेवढा शॉट आधीच लांब ठेवा, नाहीतर माझा एका तासाचा हिशेब चुकेल.

गल्ल्यावरचा_गण्या
मी बघणारा नाही, भोगणारा आहे. सराफाच्या दुकानात माझ्या गल्ल्यासमोर पडदा आहे. मालकांनी दीड सेकंदाला एक शॉट असा झगमगाट करून घेतला होता. संध्याकाळपर्यंत डोकं ठणकायचं. मी पडद्याला पाठ करून बसलो तर पाठीमागच्या आरशात तोच. आता सावकाश हलणाऱ्या बांगड्या आहेत. गिऱ्हाईक जास्त थांबतं की नाही ते मालक जाणोत, मी तरी टिकलो.

दाढदुखी
आमच्या दवाखान्यात वेटिंगमध्ये लावलाय. प्रश्न वेगळा आहे: टीव्ही चार तासांनी आपोआप बंद होतो. पेशंटांना वाटतं दवाखाना बंद झाला.

कटबाज
वहिनी, बऱ्याच टीव्हींत रिमोटला हात लागला नाही की बंद व्हायची सोय असते. सेटिंगमध्ये ऊर्जा बचत किंवा ऑटो पॉवर ऑफ असं काहीतरी सापडेल, ते बंद करा. पण दुकानातला डेमो मोड लावू नका, त्यात टीव्ही स्वतःचीच जाहिरात पडद्यावर टाकतो.

पदर_काठ
रविवारी करून पाहिलं. आधी तोंडावर पडले, ते सांगते. मागावरचे शॉट फोनवर घेतले तर चित्रावर काळे पट्टे वरखाली फिरत होते. विणणाऱ्या दादांच्या डोक्यावर स्वस्तातला एलईडी बल्ब होता. भाच्याने शटर १/१०० वर बांधून दिलं, पट्टे गेले. मी फोन बिघडला म्हणून नवा घ्यायला निघाले होते!

दुसरं, अक्षरं मी खाली टाकली होती. घरच्या टीव्हीवर छान दिसली. मग समोर टेबल मांडून साड्यांची चळत ठेवली आणि पाहिलं, तर खालचा पाव पडदा गायब. आता "दोन्ही बाजूंनी सारखी" एवढेच तीन शब्द, वरच्या तिसऱ्या हिश्शात, पूर्ण आठ सेकंद. एडिटिंगच्या अ‍ॅपमध्ये वेलांट्या जागा सोडत होत्या, म्हणून अक्षरं दुसरीकडे चित्र करून आणली.

सांधा मात्र तुम्ही म्हणालात तसाच जमला. सासूबाई पाच मिनिटं बघत बसल्या आणि म्हणाल्या, "हा किती वेळ पदरच पलटतोय गं?"

कटबाज
सासूबाई पास झाल्या. पदर पलटायचा शॉट एकच ठेवा बरं का, दोन म्हणालो ते मी मागे घेतो.

दत्तोबा_हार्डवेअर
किंमत टाकली का पडद्यावर? आमच्याकडे किंमत टाकल्यापासून लोक आत येऊन विचारतात.

पदर_काठ
नाही टाकली. मिस्टर म्हणतात टाक, लोक घाबरून निघून जाणारे आधीच जातील. मला वाटतं हात लावल्याशिवाय आकडा कळूच नये. ठरलेलं नाही अजून.

आणि एक राहिलंच. लाइट जाऊन आली की आमचा टीव्ही पेनड्राइव्हचा व्हिडिओ आपणहून सुरू करत नाही, मेन्यूवर जाऊन बसतो. प्रदर्शनात लाइट जातेच. कोणाकडे अँड्रॉइड बॉक्स लावून हे सुटलंय का? की रिमोट पदराला बांधूनच फिरायचं?