नावाची यादी आणि कोरी पाटी

“माझं नाव संशयितांच्या यादीतल्या नावाशी जुळतं, म्हणून विमानतळावर अडवतात. एकदा चौकशी होऊन सुटलो, तरी दर वेळी पुन्हा का अडवतात?”

अहो, यादी तुमची नाहीच, तुमच्यासारखंच नाव असलेल्या दुसऱ्या माणसाची आहे. तुम्ही सुटलात याची नोंद तिच्यात कुठे होणार? पुढचं तिकीट म्हणजे पुन्हा कोरी पाटी. त्यात मोहम्मदसारख्या नावाची रोमन स्पेलिंगं ढीगभर, म्हणून जुळणी मुद्दाम सैल ठेवतात. 2004 मध्ये अमेरिकेत सिनेटर एडवर्ड ऊर्फ टेड केनेडींनाही असंच वारंवार अडवलं होतं; यादीत कुणाचं तरी ‘टी. केनेडी’ हे टोपणनाव होतं. (टेडचा टी!) आता तिथे जन्मतारीखही जुळवतात. तरी अडकलात तर गृहसुरक्षा खात्याकडे अर्ज करून रिड्रेस नंबर, म्हणजे तक्रार-निवारणाचा क्रमांक, घ्या आणि प्रत्येक बुकिंगमध्ये टाका. बँकाही अशीच नावं जुळवतात, पण परदेशी पैसे पाठवताना संदेशात बहुधा नाव-पत्ताच जातो, जन्मतारीख नाही; म्हणून तिथे गल्लत सहज होते.