नफा वाढतोय, पीई मात्र तिथेच

> नफा दरवर्षी वाढतोय, तरी पीई 8 वरच का अडकलाय?

पुढच्या वर्षीचा प्रति शेअर नफा 10 आणि भागधारकांचा अपेक्षित परतावा 12.5 टक्के धरा. सगळा नफा लाभांशात वाटला तर वाढीविना मूल्य 10 ÷ 0.125 = 80, म्हणजे पीई, किंमत भागिले प्रति शेअर नफा, 8. आता निम्मा नफा 12.5 टक्केच मिळवून देणाऱ्या कामात गुंतवला, तर वाढ 6.25 टक्के, किंमत म्हणजे लाभांश ÷ (अपेक्षित परतावा − वाढ) = 5 ÷ (0.125 − 0.0625), पुन्हा 80च! वाढीच्या संधींचे आजचे मूल्य शून्य. त्या कामात 15 टक्के मिळाले असते तर वाढ 7.5 टक्के आणि किंमत 100. त्यातून वाढीविना मूल्य वजा केले, 100 − 80, की उरलेले 20 संधींचे. तेव्हा आधी पुनर्गुंतवणुकीवरचा परतावा तपासा. एक मात्र सांभाळा: नफा तात्पुरता घसरलेला असेल तर पीई फुगतो आणि ही वजाबाकी नसलेल्या संधी दाखवते. तिथे काही वर्षांचा सरासरी नफा घ्या.