मदत हवी आहे : इतिवृत्तावर मुदत संपल्यानंतर आलेल्या दुरुस्त्या स्वीकाराव्यात का?

पॅनेलकर_भोसरी
नमस्कार. उत्तर शक्यतो आजच हवे आहे, कारण उद्या सकाळी मला साहित्याची ऑर्डर द्यायची आहे. आमच्या भागीदार कंपनीबरोबर ऑनलाइन बैठक झाली. दुसऱ्या दिवशी मी इतिवृत्त पाठवले आणि सोबतच्या ईमेलमध्ये स्पष्ट लिहिले, की काही दुरुस्त्या असल्यास तीन कामाच्या दिवसांत कळवाव्यात, अन्यथा इतिवृत्त मान्य आहे असे समजले जाईल. मुदतीत काहीही आले नाही. आता मुदत उलटून गेल्यावर त्यांनी तीन दुरुस्त्या पाठवल्या आहेत आणि त्यांतील एक तर बैठकीत ठरलेली गोष्टच बदलणारी आहे. मुदत संपली असे सांगून मी त्या नाकारू शकतो का? आणि नाकारायच्या असतील, तर संबंध न बिघडवता तसे कसे लिहावे?

कागदावर_असावे
नाकारू शकता की नाही, हे सांगण्यासाठी काही गोष्टी कळायला हव्यात. भागीदार कोणत्या देशातला आहे? बैठक कोणत्या तारखेला झाली, इतिवृत्त कधी गेले आणि दुरुस्त्या कधी आल्या? ईमेल कोणाकोणाला गेला होता? तुमच्या मूळ करारात इतिवृत्ताविषयी काही कलम आहे का? आणि मुख्य म्हणजे त्या तीन दुरुस्त्या नेमक्या कोणत्या?

नियमाप्रमाणे
इतक्या चौकशीची गरज नाही. मी एका कंपनीच्या सचिव विभागात काम करतो. इतिवृत्ताचा मसुदा बैठकीनंतर १५ दिवसांत पाठवायचा, सदस्यांनी ७ दिवसांत शेरे द्यायचे आणि ते न आल्यास मसुदा मान्य झाला असे धरायचे, असा नियमच आहे. तेव्हा पॅनेलकरांची भूमिका बरोबर आहे. फक्त त्यांनी तीनऐवजी सात दिवस द्यायला हवे होते.

कागदावर_असावे
तुम्ही सांगता ते १५ आणि ७ दिवस खरे आहेत. पण ते संचालक मंडळाच्या सभांसाठीच्या सेक्रेटेरियल स्टँडर्डमधले आहेत. कंपनीच्या स्वतःच्या संचालकांनी स्वतःच्या सभेचे इतिवृत्त कसे मान्य करावे, एवढ्यापुरता तो नियम आहे. दोन स्वतंत्र कंपन्यांच्या तांत्रिक बैठकीला तो लागू होत नाही. तिथे करारात काय लिहिले आहे आणि दोन्ही बाजू प्रत्यक्षात कशा वागत आल्या आहेत, हेच पाहिले जाते. भारतीय करार कायद्यात नुसते गप्प राहणे म्हणजे संमती, असे सहसा धरले जात नाही. ‘उत्तर आले नाही तर मान्य समजू’ असे एका बाजूने स्वतःच लिहून टाकल्याने दुसऱ्या बाजूवर आपोआप बंधन येत नाही.

पॅनेलकर_भोसरी
सविस्तर सांगतो. भागीदार जर्मनीतील श्टुटगार्टजवळचा आहे. एका चाचणी यंत्रणेचे कंट्रोल पॅनेल आम्ही बनवतो आणि सॉफ्टवेअर ते लिहितात. बैठक सोमवारी, २९ सप्टेंबर २०२५ रोजी झाली. इतिवृत्त ३० तारखेला संध्याकाळी गेले. त्यांचे उत्तर ६ ऑक्टोबरला, म्हणजे आज दुपारी आले. आमच्या हिशेबाने १, ३ आणि ४ ऑक्टोबर हे तीन कामाचे दिवस झाले. २ तारखेला दसरा आणि गांधी जयंती होती. शनिवारी आमचा कारखाना चालू असतो, त्यामुळे मुदत ४ तारखेला संध्याकाळी संपली. करारात इतिवृत्ताविषयी काही नाही, आहे ते फक्त कामाची विभागणी आणि दर.

दुरुस्त्या अशा आहेत : पहिली, त्यांच्या एका अभियंत्याचे पद चुकीचे छापले आहे. दुसरी, ‘सिग्नलची अंतिम यादी भागीदार कंपनी १० ऑक्टोबरपर्यंत देईल’ असे मी लिहिले होते, त्याजागी ‘प्राथमिक यादी १० ऑक्टोबरला आणि अंतिम यादी २४ ऑक्टोबरला’ असे त्यांना हवे आहे. तिसरी, जादा १६ सिग्नलांचा खर्च आम्ही सोसावा, असे वाक्य त्यांनी नव्याने घातले आहे. हा विषय बैठकीत निघालाच नव्हता.

बव्हेरियातून
मी म्युनिकजवळ एका यंत्रनिर्मिती कंपनीत प्रकल्प समन्वयाचे काम करते, म्हणून दोन गोष्टी सांगते. त्यांच्या दृष्टीने तुमची मुदत उलटलेलीच नाही. ३ ऑक्टोबर हा इथला राष्ट्रीय सुट्टीचा दिवस आहे आणि ४ व ५ तारखेला शनिवार-रविवार होता. त्यांचे तीन कामाचे दिवस १, २ आणि ६ ऑक्टोबर असे होतात. आज आलेले उत्तर त्यांनी वेळेत दिले आहे आणि तुम्ही ‘मुदत संपली’ असे लिहिलेत, तर त्यांना ते मुळीच पटणार नाही.

दुसरी गोष्ट मात्र तुमच्या बाजूची आहे. जर्मन व्यापारी व्यवहारात गप्प राहण्याला भारतापेक्षा जास्त वजन आहे. बोलणे झाल्यावर एका व्यापाऱ्याने दुसऱ्याला ‘आपले असे ठरले’ असे लेखी कळवले आणि दुसऱ्याने तातडीने हरकत घेतली नाही, तर त्या पत्रातील मजकूर त्याच्यावर बंधनकारक ठरू शकतो. वाटाघाटींच्या इतिवृत्तालाही हे तत्त्व लागू होऊ शकते, असे इथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २०११ मध्ये बांधकामाच्या एका प्रकरणात म्हटले आहे. त्यामुळे इथल्या कंपन्या बाहेरून आलेले इतिवृत्त बारकाईने वाचतात आणि पटले नाही तर लगेच लिहितात. तुम्हाला आलेल्या उत्तराचा सूर कडक वाटत असेल, तर त्यामागे हे कारण असू शकते.

पॅनेलकर_भोसरी
म्हणजे त्यांनी आज लिहिले नसते, तर ते बांधले गेले असते?

बव्हेरियातून
तसे खात्रीने म्हणता येणार नाही. तुमच्या कराराला कोणत्या देशाचा कायदा लागू आहे, यावर ते अवलंबून आहे. शिवाय प्रत्यक्षात न ठरलेली गोष्ट इतिवृत्तात घुसवली असेल, तर तिथे हे तत्त्व चालत नाही. आता त्यांनी हरकत घेतलेली असल्याने तो प्रश्न उरतही नाही. आणि हेच उलट बाजूने पाहा : त्यांच्या तिसऱ्या दुरुस्तीवर तुम्ही गप्प बसू नका. आजच किंवा उद्या लेखी हरकत नोंदवा.

सोसायटी_सचिव
आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासात विकासकाबरोबर हाच प्रकार झाला. संयुक्त बैठकीचे इतिवृत्त त्यांचा माणूस लिहायचा आणि पार्किंगचा विषय दर वेळी वेगळ्या शब्दांत यायचा. शेवटी आम्ही बैठक संपण्यापूर्वीच प्रत्येक पानावर दोन्ही बाजूंच्या सह्या घ्यायला सुरुवात केली. तुम्हीही सह्या घ्या, म्हणजे मुदतीचा प्रश्नच उरत नाही.

ध्वनिमुद्रण_करा
सह्यांपेक्षा सोपा उपाय म्हणजे प्रत्येक बैठक रेकॉर्ड करणे. मी तर समोरच्याला न सांगता फोनवर रेकॉर्ड करून ठेवतो. वाद झाला की ऐकवता येते.

बव्हेरियातून
कृपया हे करू नका. बोलणाऱ्याच्या संमतीविना त्याचे खासगी संभाषण ध्वनिमुद्रित करणे हा जर्मनीत फौजदारी गुन्हा आहे. असे रेकॉर्डिंग पुढे केलेत, तर सिग्नल यादी बाजूला राहील आणि तुमच्यावरच प्रकरण शेकेल.

कागदावर_असावे
मूळ प्रश्नाकडे येतो. पॅनेलकर, मुदतीचा मुद्दा सोडून द्या, कारण ‘कामाचे दिवस’ कोणाचे हे ईमेलमध्ये नव्हते आणि त्या वाक्याचा त्यांचा अर्थही तितकाच योग्य आहे. तिन्ही दुरुस्त्या एकाच पारड्यात न टाकता वेगवेगळ्या तपासा. इतिवृत्त ही झालेल्या बोलण्याची नोंद असते, त्यामुळे दुरुस्ती नोंदीचीच होऊ शकते. नंतर बदललेले मत किंवा नव्याने सुचलेली मागणी दुरुस्ती म्हणून आत येऊ शकत नाही.

पदाची चूक मुकाट्याने सुधारा. यादीच्या बाबतीत, बैठक चालू असताना तुम्ही हाताने लिहिलेली टिपणे काढा आणि तिथे ‘अंतिम’ हा शब्द आहे का ते पाहा. असल्यास त्या ओळीचा हवाला देऊन लिहा. नसल्यास त्यांचे म्हणणे मान्य करा, कारण तारखेबद्दल वाद नाही, वाद फक्त त्या तारखेला काय मिळणार याचा आहे. खर्चाचे वाक्य इतिवृत्तात घेऊ नका. ‘हा विषय २९ सप्टेंबरच्या बैठकीत चर्चेला आला नव्हता, त्यामुळे तो या नोंदीत घेता येत नाही, तो आम्हाला मान्य नाही आणि पुढील बैठकीच्या विषयपत्रिकेवर आम्ही तो स्वतंत्रपणे ठेवत आहोत,’ असे लिहा. ‘मान्य नाही’ हे शब्द गाळू नका. केवळ ‘नंतर पाहू’ लिहिलेत, तर तुम्ही तत्त्वतः तयार आहात असा अर्थ निघू शकतो.

पॅनेलकर_भोसरी
टिपणे पाहिली. माझ्या वहीत ‘सिग्नल यादी – १० ऑक्टो. – ते देणार’ एवढेच आहे. ‘अंतिम’ हा शब्द नाही. पण यादी प्राथमिक असेल, असेही कोणी म्हटल्याचे मला आठवत नाही.

कागदावर_असावे
मग ‘अंतिम’ हा शब्द तुम्हाला सिद्ध करता येणार नाही आणि ‘प्राथमिक’ त्यांना. अशा वेळी एकाचे म्हणणे पुसून दुसऱ्याचे लिहू नये. सुधारित प्रतीत त्या मुद्द्याखाली दोन्ही बाजूंची समज दोन वाक्यांत नोंदवा, पुढे ‘मतभेद – निर्णय प्रलंबित’ असे लिहा आणि त्या एकाच मुद्द्यासाठी फोनवरील चर्चेची तारीख सुचवा. बाकीच्या मुद्द्यांवर हरकत नाही हे त्याच ईमेलमध्ये स्पष्ट करा, म्हणजे एका ओळीपायी संपूर्ण इतिवृत्त अडकून पडणार नाही. उद्याच्या ऑर्डरमध्ये यादीवर अवलंबून नसलेले साहित्य, म्हणजे कपाट, मुख्य ब्रेकर, वीजपुरवठा युनिट, मागवून घ्या. इनपुट-आउटपुट मॉड्यूल आणि टर्मिनल मात्र यादीचा निकाल लागेपर्यंत थांबवा.

आणि जुनी फाइल बदलून तीच पुन्हा पाठवू नका. पहिली प्रत तशीच राहू द्या, नवीन प्रतीवर ‘सुधारित प्रत १’ आणि तारीख घाला, बदललेल्या ओळी वेगळ्या दिसतील अशा ठेवा.

नियमाप्रमाणे
सुधारित प्रत पीडीएफमध्येच पाठवावी. वर्डची फाइल दिली, तर समोरचा आतल्या आत काय बदलेल, ते कळणारही नाही.

बव्हेरियातून
माझा अनुभव वेगळा आहे. पीडीएफ पाठवली की लोक ईमेलमध्ये ‘मुद्दा ४ नीट नाही’ एवढेच लिहितात आणि नेमका कोणता शब्द हवा, ते विचारायला आणखी दोन ईमेल लागतात. बदलांचा माग ठेवणारी वर्ड फाइल दिली, तर दुरुस्ती जागच्या जागी मिळते.

नियमाप्रमाणे
माग ठेवण्याची सोय समोरच्याने बंद केली, तर? दोन्ही पाठवा आणि पीडीएफ हीच प्रमाण प्रत, असे लिहा.

पॅनेलकर_भोसरी
पुढच्या वेळी मुदत कशी लिहावी, तेही कोणी सांगेल का? सुधारित प्रतीसोबत लगेच लागणार आहे.

बव्हेरियातून
दिवस मोजायला लावू नका. वार, तारीख, वेळ आणि वेळ कोणत्या ठिकाणची, हे सर्व लिहा. उदाहरणार्थ : ‘आपल्या दुरुस्त्या गुरुवार, ९ ऑक्टोबर २०२५ रोजी जर्मन वेळेनुसार दुपारी ३ वाजेपर्यंत, म्हणजे भारतीय वेळेनुसार संध्याकाळी साडेसहापर्यंत, मुद्दा क्रमांक आणि सुचवलेला मजकूर यांसह कळवाव्यात. तोपर्यंत दुरुस्ती न आलेल्या मुद्द्यांवर आम्ही या नोंदीप्रमाणे काम सुरू करू.’ शेवटचे वाक्य ‘मान्य समजले जाईल’ यापेक्षा चांगले, कारण न बोलल्यास प्रत्यक्षात काय घडेल, ते त्यातून दिसते. २६ ऑक्टोबरला इथली घड्याळे एक तास मागे जातील आणि फरक साडेतीनचा साडेचार तास होईल, तेव्हा त्यानंतरच्या ईमेलमध्ये हाच मजकूर जसाच्या तसा चिकटवू नका.

सोसायटी_सचिव
आणि ईमेल एकाच माणसाला गेला असेल आणि तो रजेवर असेल तर? आमच्या विकासकाचा माणूस नेहमी हेच कारण सांगायचा.

पॅनेलकर_भोसरी
माझा ईमेल त्यांच्या प्रकल्प प्रमुखाला आणि बैठकीला हजर असलेल्या दोन अभियंत्यांना गेला होता. त्यांच्या खरेदी विभागाला नव्हता. खर्चाची दुरुस्ती मात्र खरेदी विभागाकडून आली आहे आणि त्या विभागाचे कोणीही बैठकीला नव्हते. उत्तर मी प्रकल्प प्रमुखाला पाठवून खरेदी विभागाला प्रत द्यावी, की दोघांना वेगवेगळे लिहावे?

कागदावर_असावे
प्रकल्प प्रमुखाला उत्तर आणि खरेदी विभागाला प्रत द्या. जे बैठकीला नव्हते, त्यांच्याशी नोंदीविषयी वेगळा पत्रव्यवहार सुरू केलात, तर पुढे कोणाचा शब्द धरायचा हा नवा वाद उभा राहील.

बव्हेरियातून
इथे पैशाविषयी शेवटचा शब्द बहुधा खरेदी विभागाचाच असतो, त्यामुळे खर्चाच्या मुद्द्यापुरते मी त्यांना थेट लिहिले असते.