डिस्काउंटेड पेबॅक आणि शेवटचा खर्च

"डिस्काउंटेड पेबॅक निघाला म्हणजे एनपीव्ही पॉझिटिव्हच, मग तो वेगळा कशाला काढायचा?"

डिस्काउंटेड पेबॅक म्हणजे घातलेले पैसे आजच्या किमतीत किती काळात वसूल होतात ते, आणि एनपीव्ही म्हणजे आजच्या किमतीत सगळी आवक वजा सगळा खर्च. वरचं म्हणणं खरंय, पण पैसे वसूल झाल्यावर पुढे मोठा खर्च नसेल तरच. दगडखाणीचं उदाहरण घ्या, आज १० लाख घातले, तीन वर्षं दरवर्षी ६ लाख आले आणि चौथ्या वर्षी खड्डा बुजवून जमीन पूर्ववत करायला ८ लाख लागले. साधा पेबॅक पावणेदोन वर्षांच्या आतच, १०% दराने डिस्काउंटेडही दोन वर्षांच्या आत, कारण दोन्ही पद्धती वसुली झाली की मोजणं थांबवतात, पुढचं बघतच नाहीत. पण आजच्या किमतीत आवक १४.९२ लाख, शेवटचा खर्च ५.४६ लाख, म्हणजे एनपीव्ही उणे ५४ हजार!

प्रॉफिटॅबिलिटी इंडेक्स, म्हणजे आजच्या किमतीतली आवक भागिले गुंतवणूक, इथे एकच्या खाली जातो, तेवढं बरंय. पण तो शेवटचा खर्च आवकेतून वजा केला तर ०.९५ येतो आणि गुंतवणुकीत मिळवला तर ०.९६, एनपीव्ही मात्र तोच राहतो. त्यामुळे दोन प्रोजेक्टची इंडेक्सवर तुलना करताना खर्च कुठे मांडलाय ते आधी विचारा, नाहीतर क्रमच उलटा लागू शकतो.