लिस्टिंगच्या दिवशी घेतलेल्या शेअर्सना प्रॉस्पेक्टसचं संरक्षण का नाही?

कळवा_लोकल
रबाळे एमआयडीसीत कारखाना असलेल्या एका कंपनीचा एसएमई आयपीओ, म्हणजे छोट्या कंपन्यांसाठीचा इश्यू, 2024 मध्ये आला होता. 90 च्या भावाने 1,200 शेअर्सचा एक लॉट लागला. पहिल्याच दिवशी 131 ला उघडला, म्हणून हावरटासारखे तेवढेच बाजारातून आणखी घेतले. प्रॉस्पेक्टसमध्ये, म्हणजे इश्यूच्या माहितीपत्रकात, छापलं होतं, हातात 38 कोटींच्या ऑर्डर्स. आता एक्स्चेंजने खुलासा मागितल्यावर कंपनी सांगते की त्यातली 22 कोटींची ऑर्डर ग्राहकाने रद्द केली होती. आणि रद्द झाल्याची तारीख प्रॉस्पेक्टसच्या 17 दिवस आधीची! भाव 41. वकील म्हणतो, पहिल्या लॉटचं बघू, दुसऱ्याचं विसरा. अहो, एकाच थापेवर दोन्ही घेतले ना? मग एकाला कायदा आणि दुसऱ्याला ठेंगा का?

घंटाळीकर
पहिल्या लॉटचंही काही होणार नाही, वकिलाची फी तेवढी जाईल. प्रॉस्पेक्टसमध्ये जोखमींची वीस-पंचवीस पानं असतात, ती उघडून बघा. ‘आमचे ग्राहक ऑर्डर रद्द करू शकतात’ हे वाक्य सापडणारच. एकदा सांगितलं की कंपनी मोकळी. दावा करायचाच तर सेबीवर करा. त्यांनी तपासून मंजुरी दिली म्हणूनच तो कागद बाजारात आला.

कळवा_लोकल
वाक्य आहे खरं. आत्ताच बघितलं, जोखीम क्रमांक 9. म्हणजे संपलं?

ऐरोली_सीएस
संपलं नाही. उलट तुमच्या प्रकरणातलं सगळ्यात उपयोगाचं वाक्य तेच आहे.

‘रद्द करू शकतात’ असं लिहिलं त्या दिवशी ऑर्डर रद्द होऊन 17 दिवस झाले होते. घडून गेलेली गोष्ट ‘घडू शकते’ म्हणून सांगितली की वाचणाऱ्याला वाटतं, अजून घडलेली नाही. वाक्य व्याकरणाने खरं, पण चित्र खोटं. इंग्लंडमध्ये 1931 साली लॉर्ड किल्सँट यांना वर्षभराची कैद झाली ती अशाच प्रकारात. रॉयल मेल स्टीम पॅकेट कंपनीच्या 1928 च्या प्रॉस्पेक्टसमध्ये दरवर्षी किती लाभांश वाटला त्याचे आकडे होते आणि प्रत्येक आकडा बरोबर होता. फक्त कंपनी अनेक वर्षं तोट्यात होती आणि लाभांश युद्धकाळातल्या जुन्या गंगाजळीतून वाटला जात होता, हे कुठेच नव्हतं. आपल्या कंपनी कायद्याच्या कलम 34 आणि 35 मध्ये हेच आहे. जे लिहिलं त्याबरोबर जे गाळलं तेही दिशाभूल करणारं असेल तर जबाबदारी येते.

घंटाळीकर, सेबीचं मात्र चुकतंय. एसएमई इश्यूच्या मसुद्यावर सेबी आपले शेरे देतच नाही, ते काम एक्स्चेंज बघतं. आणि मोठ्या आयपीओतही सेबीने कंपनीची हमी घेतलेली नसते, पहिल्या काही पानांतच तसं छापलेलं असतं.

घंटाळीकर
शेऱ्यांचं मान्य. पण मग तपासतं कोण? इश्यू हाताळणारा मर्चंट बँकर फी घेतो कशाची?

ऐरोली_सीएस
तपासणी केल्याचा दाखला तो लिहून देतो आणि त्यावर सेबी त्याला धरू शकते. पण कलम 35 च्या यादीत कंपनी, त्या तारखेचे संचालक, प्रवर्तक, आपल्या अहवालापुरते तज्ज्ञ आणि प्रॉस्पेक्टस काढायला ‘अधिकार देणारी’ व्यक्ती असे आहेत. मर्चंट बँकर हा शब्द नाही. त्या शेवटच्या शब्दांत तो बसतो की नाही यावर वकील भांडतात.

आता संदीपराव की कोण तुम्ही कळव्याचे, तुमचा मूळ प्रश्न. कलम 35 मध्ये भरपाई आहे ती प्रॉस्पेक्टसमधल्या विधानावरून ज्याने शेअर्ससाठी अर्ज करून घेतले त्याला. तुमचे 90 वाले शेअर्स कंपनीने तुम्हाला दिले, ते त्यात येतात. 131 वाले तुम्हाला कुणी अनोळखी माणसाने विकले. हा फरक फार जुना आहे. लंडनची ओव्हरेंड गर्नी ही वित्तकंपनी बुडाल्यावर 1873 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने पीक विरुद्ध गर्नी मध्ये सांगितलं की प्रॉस्पेक्टस हे अर्ज करणाऱ्याला दिलेलं आवतण आहे. वाटप झालं की त्याचं काम संपलं, नंतर बाजारातून घेणाऱ्याला त्यावरून दावा लावता येत नाही.

कळवा_लोकल
संदीप नाही हो, पण चालेल.

वाशी_सेक्टर17
1873 चा निकाल आणि 2024 चा आयपीओ! तेव्हा छापील कागद पोस्टाने जायचा, वाटप होऊन शेअर हातात पडेपर्यंत किती दिवस जात कोण जाणे. आता इश्यू बंद झाल्यावर तिसऱ्या कामकाजाच्या दिवशी लिस्टिंग होतं. वाटप आणि लिस्टिंग यात एक-दोन दिवसांचं अंतर. एवढ्यात प्रॉस्पेक्टसचं ‘काम संपतं’? लिस्टिंगच्या सकाळी 131 देणाऱ्याकडे त्या कंपनीबद्दल दुसरा कुठला कागद असतो? एक तिमाही निकाल नाही, एक घोषणा नाही. तोच कागद. अमेरिकेत 1933 च्या कायद्यात बाजारातून घेणाऱ्यालाही दावा करता येतो. आपण फक्त व्हिक्टोरिया राणीच्या जमान्यातलं सोवळं पाळतो.

ऐरोली_सीएस
अमेरिकेतही अट आहे. आपले शेअर्स नेमके त्याच नोंदणीपत्रावरचे होते, हे दाखवावं लागतं. 2023 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने स्लॅक या कंपनीच्या प्रकरणात ती अट पक्की केली. पण नव्या आयपीओत पहिल्या दिवशी दुसरे शेअर्स विक्रीला नसले तर ती अट सहज पुरी होते, तेवढा तुमचा मुद्दा खरा आहे.

नेरूळ_पूर्व
मला पण असाच अनुभव! आयपीओ लागला नाही आणि पैसे नऊ दिवस बँकेने अडकवून ठेवले. ही पण फसवणूकच ना? कुठल्या कलमात?

ऐरोली_सीएस
ताई, ते वेगळं. तुमच्या प्रॉस्पेक्टसमध्ये काही खोटं नव्हतं, बँकेने रक्कम वेळेत मोकळी केली नाही. उशिराच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये किंवा वर्षाला 15 टक्क्यांनी व्याज, यातलं जे जास्त ते बँकेने द्यायचं असतं. बँकेत अर्ज क्रमांक टाकून लेखी तक्रार द्या.

मासुंदा
तीस वर्षं बँकेत कर्जखात्यात काढली, तेव्हा दुसरी बाजू मांडतो. वाशीकरांना आवडणार नाही.

90 रुपयांतले 10 दर्शनी किंमत, 80 प्रीमियम. बऱ्याच जणांना वाटतं 10 म्हणजे भांडवल आणि 80 म्हणजे कंपनीची कमाई. तसं नाही. प्रीमियमही वेगळ्या खात्यात राहतो आणि लाभांश म्हणून वाटता येत नाही. आम्ही कर्ज देताना या दोन्हींकडे बघायचो, कारण धंदा बुडाला तर आधी भागधारकांचं जातं, मग आमचं. म्हणून भांडवल परत देण्यावर कायदा इतका कडक आहे. जुन्या इंग्लिश कायद्यात तर फसवलेल्या भागधारकाला शेअर ठेवून कंपनीकडे भरपाई मागताच येत नसे. कलम 35 ही त्यातली सवलत आहे आणि तिच्यामागे साधा हिशेब आहे. तुमचे 1,08,000 कंपनीच्या खात्यात गेले, खोटं बोलून घेतले, तर तिने द्यावेत.

दुसऱ्या लॉटचे 1,57,200 कुठे गेले? कंपनीला त्यातला एक रुपया मिळाला नाही. डोंबिवलीत कुणीतरी 90 ला लागलेला शेअर 131 ला विकून पेढे वाटले असतील. ते पैसे कंपनीने द्यायचे म्हणजे आज तिच्याकडे शेअर धरून बसलेल्या बाकीच्यांच्या खिशातून. त्यांनीही तोच कागद वाचला होता.

वाशी_सेक्टर17
मग कंपनीकडून नका देऊ, संचालक आणि प्रवर्तकांकडून द्या! ते आहेतच की यादीत. इतरांच्या खिशाची काळजी दाखवून खोटं लिहिणाऱ्याला सोडायचं?

मासुंदा
हे बोलायला हरकत नाही. पण मग भाव 131 कशामुळे झाला ते कोण ठरवणार? 38 कोटींमुळे किती आणि व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या, लिस्टिंगआधीच्या अनधिकृत ग्रे मार्केटच्या आकड्यांमुळे किती?

ऐरोली_सीएस
पहिल्या लॉटमध्येही हा प्रश्न सुटत नाही. 90 वजा 41 म्हणजे 49 गुणिले 1,200, असे 58,800 सरळ मिळतील असं धरू नका. प्रश्न असा विचारला जातो की वाटपाच्या दिवशी खरं माहीत असतं, म्हणजे हातात 16 कोटीच आहेत हे कळलं असतं, तर शेअरची किंमत काय होती? समजा 60 ठरली. मग तोटा शेअरमागे 30, एकूण 36,000. त्यानंतर मालाचे भाव चढून शेअर पडला असेल तर तो धंद्यातला धोका, तुमच्या अंगावर.

36,000 साठी एकट्याने कोर्ट नाक्याच्या पायऱ्या चढणं परवडत नाही. म्हणून कलम 37 मध्ये बाधित लोकांच्या गटाला एकत्र दावा करता येतो, त्यासाठी किमान डोकी ठरवलेली नाहीत. कलम 245 चा सामूहिक अर्ज वेगळा. तो एनसीएलटी या कंपनी न्यायाधिकरणात, 100 सदस्य किंवा एकूण सदस्यांच्या 5 टक्के यातले कमी तेवढे लागतात, अन्यथा लिस्टेड कंपनीत 2 टक्के भांडवल धरणारे. आणि ‘सदस्य’ या शब्दामुळे शेअर विकून बाहेर पडलेल्यांची तिथे अडचण होते. तुम्ही वैतागून विकू नका असं नाही म्हणत, पण विकण्याआधी वकिलाला विचारा.

दुसऱ्या लॉटसाठी सेबीच्या स्कोअर्स या तक्रार पोर्टलवर तक्रार टाका. फसव्या व्यवहारांच्या नियमांत सेबी बेकायदा नफा काढून घेऊ शकते. पण तो तुमच्या खात्यात येईलच असं नाही. पैसे परत मिळवायला खरी ताकद लिस्टिंगच्या आधी असते. ट्रॅफिकसोलच्या एसएमई इश्यूत सप्टेंबर 2024 मध्ये लिस्टिंग थांबलं. 17.70 कोटींचं सॉफ्टवेअर जिच्याकडून घ्यायचं होतं ती विक्रेता कंपनीच संशयास्पद निघाली आणि डिसेंबरमध्ये सेबीने पैसे परत करायला सांगितलं. शेअर्स हातोहात फिरले नव्हते म्हणून कुणाला परत करायचे ते ठरवता आलं.

घंटाळीकर
एक शंका. कायदा म्हणतो ‘विधानावरून’ अर्ज केला असला पाहिजे. कळवेकर, खरं सांगा, प्रॉस्पेक्टस वाचलं होतं का? तुमचा अर्ज तर रेड हेरिंगवर, म्हणजे आधीच्या आवृत्तीवर, गेला असणार, अंतिम प्रॉस्पेक्टस नंतर येतं.

ऐरोली_सीएस
रेड हेरिंगलाही प्रॉस्पेक्टसइतकीच जबाबदारी लागते, कलम 32. ती अडचण नाही. पहिला प्रश्न मात्र नेमका आहे.

कळवा_लोकल
पूर्ण नाही वाचलं. ब्रोकरच्या अॅपवर चार ओळींचा सारांश होता, त्यात ‘ऑर्डर बुक 38 कोटी’ होतं. ते बघून अर्ज केला. स्क्रीनशॉट मित्राला पाठवला होता, तो सापडला, अर्जाच्या आदल्या रात्री 10:40 चा.

मासुंदा
अॅपचा सारांश म्हणजे प्रॉस्पेक्टस नव्हे. कंपनी हेच म्हणेल.

वाशी_सेक्टर17
आकडा आला कुठून? प्रॉस्पेक्टसमधूनच ना?

ऐरोली_सीएस
मी असतो तर अर्जासोबतच्या संक्षिप्त प्रॉस्पेक्टसमध्ये तोच आकडा आहे का ते आधी बघितलं असतं. असेल तर सारांशाचा वाद बराच मवाळ होतो. नसेल तर मासुंदांचं म्हणणं जड जाईल. आणि एक्स्चेंजच्या संकेतस्थळावरचा तो खुलासा तारखेसकट आजच उतरवून ठेवा. मुदत सर्वसाधारणपणे तीन वर्षं. फसवणूक असेल तर ती कळल्यापासून मोजता येते, आणि तुम्हाला कधी कळलं हे दाखवणारा कागद तोच.

कळवा_लोकल
संक्षिप्तमध्ये आहे. पान 3, ‘38.12 कोटी’. खाली बारीक अक्षरांत एक तारीख आहे, ‘या दिवसाअखेर’. ऑर्डर रद्द झाली त्याच्या दोन दिवस आधीची.

मासुंदा
आता कशी गंमत आली. ते म्हणणार, आम्ही दिलेल्या तारखेला आकडा खराच होता.